पाहिले, काही नाही

२०२३च्या नोव्हेंबरात, तुळशीच्या लग्नाच्या जरा आधी, देवरुखच्या बाजूच्या एका अनोळखी माणसाचा फोन आला. "ताई, तुमच्याकडची म्हैस माझ्या गोठ्यात आहे. व्यापाऱ्याकडून घेतली होती, उलटते म्हणून स्वस्तात. आता तिची कास उतरायला लागलीय. तुम्ही तिला कधी भरवली होती का?"

मी वही काढली आणि तारीख सांगितली, २३ जानेवारी. सांगताना माझा आवाज चढला होता, त्या बिचाऱ्याचा काही दोष नसताना. कारण हीच तारीख मी एप्रिलात आमच्या घरात, पडवीत उभी राहून, मोठ्याने वाचून दाखवली होती. तेव्हा ती कोणी ऐकली नाही. त्या गोष्टीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

मिरकरवाड्यात गोठा म्हटलं की लोकांना नवल वाटतं. बंदर म्हणजे बोटी, बर्फ, मासळी. पण जेटीवर पहाटेपासून चहाच्या टपऱ्या चालू असतात आणि त्यांना दूध लागतं. आमच्या सासऱ्यांनी चढावर घरामागे दोन म्हशी बांधल्या, त्यांच्या आता सहा-सात झाल्यात, मधूनमधून एखादी गाय. घरातले पुरुष बोटीवर किंवा बोटीच्या कामात. गोठा सासूबाईंचा आणि माझा. वही माझी.

वही म्हणजे शंभर पानी, जाड पुठ्ठ्याची. प्रत्येक जनावराला एक जोडपान. डाव्या पानावर ओळख: नाव, कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा बारा आकडी नंबर, शिंगाची ठेवण, कपाळावरचा चांद किंवा पांढरं शेपूट, आई कोण, बाप कुठला, कुठून आणली. बिल्ला असताना शिंगं कशाला लिहायची, असं भावोजी विचारायचे. बिल्ला दाव्यात अडकून कान फाटतो आणि पडतो, म्हणून. नवा बिल्ला मारला की नंबर बदलतो. मग जुना खोडायचा नाही, त्याच्याखाली नवा लिहायचा आणि तारीख टाकायची. नाहीतर मागच्या साऱ्या नोंदी कोणाच्या, ते कळत नाही.

उजव्या पानावर माज, भरवणं, तपासणी, वेत. मागच्या पानावर औषधपाणी. एवढंच. एक गोष्ट मात्र बंदरात राहणाऱ्यांनी लक्षात ठेवावी. पावसाळ्यात इथल्या दमट हवेत जेल पेनाची शाई पसरते, ऑगस्टपर्यंत आकडे वाचता येत नाहीत. साधं बॉलपेन किंवा पेन्सिल घ्यावी.

देवरुखला गेलेली ती म्हैस म्हणजे काजळी. मुऱ्हाच्या रक्ताची, कपाळाला काही नाही, डाव्या शिंगाचं टोक तुटलेलं. १४ सप्टेंबर २०२२ ला तिसऱ्यांदा व्यायली. वार पडायला वेळ लागला होता, दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना बोलवावं लागलं. ते औषधाच्या पानावर आहे. दुधाला चांगली होती. व्यायल्यावर दोनेक महिने जाऊ द्यायचे आणि मग येणारा माज धरायचा, हा आमचा नेम. तो माज २० नोव्हेंबरला दिसला. भरवली. ११ डिसेंबरला पुन्हा माजावर आली.

२० नोव्हेंबर ते ११ डिसेंबर, बरोबर २१ दिवस. म्हशीचा काय, गाईचा काय, फेरा साधारण २१ दिवसांचा. १८ ते २४मध्ये कुठेही बसतो. २१ दिवस म्हणजे तीन आठवडे, म्हणून वार तोच येतो. २० नोव्हेंबर रविवार होता, ११ डिसेंबरही रविवार. भिंतीवरच्या कॅलेंडरवर माजाच्या तारखेला गोल केला की त्याच वारी तीन आठवडे पुढे दुसरा गोल करून ठेवायचा, आणि त्याच्या आधीचे तीन आणि नंतरचे तीन दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचं. इतकं सोपं आहे हे. आमच्या भागात दहा घरं जनावरं पाळतात, त्यातली किती हा दुसरा गोल करतात? माज आलेला लिहितात, येणार असलेला लिहीत नाहीत.

रविवार असल्याचा आणखी एक परिणाम झाला. डिसेंबरात माज सकाळी दूध काढताना दिसला, म्हणजे त्याच संध्याकाळी भरवायला हवी होती. सकाळी दिसला तर संध्याकाळी, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या सकाळी, हा नियम सगळे सांगतात. कृत्रिम रेतन करायला येणारा माणूस सोमवारी दुपारी आला. तोपर्यंत वेळ गेलेली असावी. वहीत माज दिसल्याची वेळ आणि भरवल्याची वेळ असे दोन वेगळे रकाने मी त्यामुळेच केले. नुसती तारीख लिहिली तर "११-१२ डिसेंबर" एवढंच दिसतं आणि सगळं ठीक वाटतं. वेळ लिहिली की मधे जवळजवळ दीड दिवस गेल्याचं समजतं, आणि म्हैस उलटली तर दोष तिच्यात आहे की उशिरात, हे ठरवायला काहीतरी हाताशी राहतं.

त्यानंतर आली २२ जानेवारी. संध्याकाळी काजळीने दूध चोरलं, थोडं थोडं मुतत राहिली, बसल्यावर मागून काचेसारखा स्वच्छ सोट पडला. म्हैस गाईसारखा गोंधळ घालत नाही. बांधलेल्या जनावराला एकमेकांवर चढायलाही मिळत नाही. रात्री दहाला आणि पहाटे चारला गोठ्यात जो जातो त्यालाच म्हशीचा माज सापडतो. २३ जानेवारीला सोमवारी सकाळी आठच्या आत ती भरली गेली. कांडीवरचा वळूचा नंबर मी वहीत उतरवून घेतला.

आता इथे थांबून मोजा. ११ डिसेंबर ते २२ जानेवारी किती दिवस? ४२. दोन फेरे. म्हणजे मधला, १ जानेवारीच्या आसपासचा माज एकतर मुका गेला किंवा बघितलाच गेला नाही. वहीत त्या तारखांना काहीच नव्हतं. कोरं. आणि कोऱ्या जागेचे दोन अर्थ होतात: बघितलं आणि दिसलं नाही, किंवा कोणी बघितलंच नाही. या दोहोंत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, पण कागदावर ते सारखेच दिसतात. हेच अंतर ३०-३५ दिवसांचं असतं तर मी वेगळा विचार केला असता: गर्भ राहिला होता आणि लवकर गळला असावा, असा संशय धरून डॉक्टरांना दाखवलं असतं. ४२ म्हणजे बहुधा चुकलेला माज. आकडा बोलतो, पण कोरी जागा काही बोलत नाही.

म्हणून २३ जानेवारीनंतर काजळीच्या पानावर आम्ही नवा नेम केला. अपेक्षित तारखेच्या आजूबाजूला रोज दोन वेळा बघायचं आणि काही दिसलं नाही तरी लिहायचं: "पाहिले, काही नाही." खाली बघणाऱ्याचं अक्षर. सासूबाईंचं "आ", माझं "मी". १२ फेब्रुवारीच्या आजूबाजूला सात दिवस, दोन्ही वेळा: पाहिले, काही नाही. ५ मार्चच्या आजूबाजूला तेच. २६ मार्चच्या आजूबाजूला तेच. तीन फेरे गेले आणि म्हैस गप्प. मी पुढच्या ओळीत लिहून ठेवलं: २३ एप्रिल, तपासणी. तीन महिन्यांनंतर डॉक्टर हात घालून गाभण आहे का ते नक्की सांगतात, म्हणून.

२३ एप्रिल यायच्या आधीच काजळी गेली.

भावोजींनी ८ एप्रिलला, शनिवारी, व्यापारी आणला. सात महिने दूध देऊन म्हशीचं दूध उतरलं होतं, घाटावरून येणाऱ्या कडब्याचे भाव चढले होते, आणि पुढे दोन महिन्यांत बंदी लागणार होती. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, खलाशी गावी जातात, नेपाळचे नेपाळला जातात, जेटीवरच्या टपऱ्या निम्म्याहून जास्त बंद होतात. दूध जायचं कुठे, हा प्रश्न खरा होता. त्यात म्हैस दोनदा उलटलेली. "तिसऱ्यांदाही उलटणार. खर्चात जनावर ठेवायचं कशाला?"

मी वही घेऊन पडवीत आले. म्हटलं, "भावोजी, तीन फेरे गेलेत. ती माजावर आलेली नाही. पंधरा दिवस थांबा, २३ ला डॉक्टर येतायत."

ते म्हणाले, "माजावर येत नाही म्हणजे गाभणच आहे असं कुठल्या पुस्तकात लिहिलंय? उन्हाळ्यात म्हशी मुक्या होतात. आतापर्यंत कोणी बघितलं नाही काय?"

"बघितलं की. हे बघा, दोन वेळा रोज."

त्यांनी वहीकडे नजर टाकली. ती नजर मला आठवते. वाचण्याची नव्हती. मग व्यापाऱ्याकडे वळून ते म्हणाले, "बायकांचं हिशेबाचं वेड." व्यापारी हसला. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्या दोन वेळच्या नोंदींतल्या अर्ध्या त्यांच्या होत्या, पहाटे चारच्या. थंडीत शाल घेऊन, गुडघे दुखत असताना उतरून केलेल्या. त्यांचं "आ" त्या पानावर कितीतरी ठिकाणी होतं, आणि त्यांच्या मुलाने त्यावरून नजर फिरवली.

काजळी रिकामी म्हणून गेली. गाभण, तपासलेली म्हणून गेली असती तर तीस हजार तरी जास्त आले असते, आणि ठेवली असती तर हिवाळ्यात, बोटी पुन्हा जोरात असताना, तिचं ताजं दूध गोठ्यात असतं. नेमकं त्या दिवसांत, जेव्हा टपऱ्या दूध मागून मागून थकतात. म्हशी साधारण पावसाळा संपताना आणि थंडीत माजावर येतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या शेवटापासून व्यायला लागतात. बंदरातल्या धंद्याला हे वेळापत्रक मानवतं. बंदीच्या महिन्यांत म्हैस आटलेली असावी आणि हंगामात दुभती. हे जुळवायचं म्हणूनच मी तारखा लिहीत होते.

नोव्हेंबरात फोन आल्यावर मी त्या माणसाला आधी नुसती भरवल्याची तारीख सांगितली आणि फोन ठेवणार होते. जनावर आमचं नाही, पैसे आमच्या हातचे गेले, आता त्याचा फायदा. पण ठेवला नाही. माझं मन वळलं म्हणून, की तो माणूस बोलत राहिला म्हणून, ठाऊक नाही. त्याने विचारलं, "मग कधी व्याईल?" आणि मी हिशेब करायला बसले.

म्हशीचे ३१० दिवस धरतात, गाईचे २८०. २३ जानेवारीपासून ३१० दिवस म्हणजे २९ नोव्हेंबर. सासूबाई आतून म्हणाल्या, "दहा महिने दहा दिवस धर गो." तसं धरलं तर ३ डिसेंबर. दोन्ही तारखा त्याला दिल्या. मग मागचं पान उघडलं आणि तेही सांगितलं. गेल्या वेताला वार अडकली होती, या वेळी लक्ष ठेवा, बारा तासांत पडली नाही तर डॉक्टरांना बोलवा, स्वतः ओढू नका. आणि मागच्या उजव्या सडाला ऑक्टोबरात दगडी झाली होती. तीन दिवस सडात ट्यूब सोडल्या होत्या. त्या सडाची पहिली धार वेगळ्या काळ्या भांड्यात काढून बघा, गाठी येतायत का.

या औषधाच्या पानाबद्दल थोडं सांगते, कारण ते सगळ्यात कमी लिहिलं जातं. आजार, औषध, किती दिवस, हे लिहिणारे असतात. "दूध कधीपासून चालू" हा रकाना कोणी ठेवत नाही. दगडीची ट्यूब सोडली की त्या औषधाच्या पाकिटावर लिहिलेल्या मुदतीपर्यंत दूध विकायचं नसतं. आमच्या त्या ट्यूबवर शेवटच्या डोसापासून ७२ तास होते. तारीख आणि वेळ लिहून ठेवली नाही, तर तिसऱ्या दिवशी "झालं की बरं" म्हणून ते दूध कॅनमध्ये जातं. जेटीवरचा चहा पिणाऱ्याला काय माहीत. आमच्याकडे ही तारीख वहीत आणि गोठ्याच्या खांबावर खडूने, दोन्हीकडे लिहितो, कारण पहाटे दूध काढणारा वही उघडत नाही.

काजळी २ डिसेंबरला व्यायली. फोन आला. पारडी झाली, लहानखुरी. तिकडे म्हैस भाकड समजून नुसत्या पेंढ्यावर ठेवलेली, शेवटच्या दोन महिन्यांत खुराक मिळाला नव्हता. त्याचा परिणाम असणार. वार मात्र वेळेत पडली.

२ डिसेंबर या तारखेने सगळं सिद्ध होतं, आणि हे मी भावोजींना कागदावर मांडून दाखवलं. डिसेंबरातल्या भरवण्याचा गर्भ राहिला असता तर ती १८ ऑक्टोबरच्या सुमाराला व्यायली असती. विकल्यानंतर, म्हणजे ८ एप्रिलनंतर तिकडे एखाद्या रेड्याने भरली असती तर फेब्रुवारी २०२४ उजाडला असता. उरते फक्त २३ जानेवारी. आमच्या गोठ्यातली, सकाळी आठच्या आतली. ज्या दिवशी "ही उलटणार" म्हणून ती विकली, त्या दिवशी ती ७५ दिवसांची गाभण होती. ७५ दिवसांवर सरावलेल्या डॉक्टरांच्या हातालाही ते कळतं. पंधरा दिवस थांबायचीही गरज नव्हती. त्याच शनिवारी एक फोन करायचा होता.

भावोजींनी कागद बघितला. म्हणाले, "आता बोलून काय." मला हे उत्तर पुरत नाही. आजही पुरत नाही. चूक झाली असं कोणी म्हणावं, एवढीही माझी अपेक्षा नाही. निदान सासूबाईंच्या त्या पहाटेच्या नोंदींना कोणीतरी खऱ्या म्हणावं.

पण आता इतक्या दिवसांनी एक गोष्ट मला कबूल केली पाहिजे, आणि ती भावोजींच्या बाजूची आहे. "उन्हाळ्यात म्हशी मुक्या होतात" हे त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. फेब्रुवारीतलं "काही नाही" आणि मार्च अखेरचं "काही नाही" यांचं वजन सारखं नसतं. थंडीत म्हैस गप्प राहिली तर ती गाभण असण्याची आशा मोठी; मार्च-एप्रिलच्या उकाड्यात रिकामी म्हैससुद्धा गप्प राहते. उलट, क्वचित एखादी गाभण म्हैसही माजाची लक्षणं दाखवते. म्हणजे माझी वही काही पुरावा नव्हती. ती एवढंच सांगत होती की हे जनावर तपासल्याशिवाय विकू नका. मी तेव्हा पडवीत "ती गाभणच आहे" अशा आवेशात बोलले असेन तर तेही वहीत नव्हतं. त्या दिवशी आमच्या दोघांकडेही खात्री नव्हती, फक्त माझ्याकडे नोंद होती आणि त्यांच्याकडे व्यवहार.

आणि तरीही, तराजूत घातलं तर नोंद जड असायला हवी होती. हे मी बदलणार नाही.

आता आमच्याकडे एक लिहिलेला नियम आहे, वहीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला: भरवल्यापासून तपासणी होईपर्यंत जनावर विकायचं नाही. भावोजींनी त्यावर सही केलेली नाही, पण मोडलेलाही नाही. त्यांच्यात एक बदल आहे, हल्ली विकायची गोष्ट निघाली की विचारतात, "वहीत काय आहे?" मी पान उघडते आणि ते शेवटची ओळ वाचतात. शेवटचीच. मधले फेरे वाचत नाहीत. २१, ४२, मग पुन्हा २१ असं अंतर दिसलं तर चूक बघण्यात आहे. १५, ३३, १९ असं वेडंवाकडं दिसलं तर जनावरात आहे, तिथे पुढची कांडी वाया घालवण्याआधी डॉक्टरांनी पिशवी बघायला हवी. हे शेवटच्या ओळीत कधीच दिसत नाही, ओळींच्या मधल्या अंतरात दिसतं. मी दोनदा समजावलं. सासूबाईंना एकदाच सांगितलं तर त्या आता भरवायच्या आधी मागचं अंतर स्वतः बोटांवर मोजतात.

तो देवरुखचा माणूस अजून फोन करतो. त्याने पारडीला नवा बिल्ला मारून घेतला तेव्हा बापाचा नंबर विचारला. कांडीवरून उतरवलेला नंबर मी दिला. पुढे ती पारडी माजावर येईल तेव्हा तोच वळू पुन्हा लागू नये म्हणून तो लागतो, नाहीतर बाप-मुलीचाच संकर होतो. गावोगाव नंबर न बघता त्याच त्याच वळूच्या कांड्या वापरून हेच होतं. त्याने विचारलं, हे मला बरं वाटलं. त्याने काजळीसाठी वही केली आहे. पहिलं पान त्याने माझ्याकडून फोनवर उतरवून घेतलं, शिंगाच्या तुटलेल्या टोकासकट.

सध्या गोठ्यात हरणी म्हणून गाय आहे, कालच्या गुरुवारी भरवलेली. तीन आठवड्यांनी, गुरुवारच्या मागेपुढे बघायचं आहे. नेमकं त्या आठवड्यात मला माहेरी, लांज्याला, भावाच्या मुलीच्या लग्नाला जायचं आहे, आणि सासूबाईंना आता रात्री दहानंतर चढावरून उतरवत नाही. पहाटेचं त्या बघतील. रात्रीचं भावोजींनी बघावं आणि दिसलं नाही तरी लिहावं, असं मी सुचवलं आहे. "भा" असं अक्षरही रकान्यात घालून ठेवलं आहे. ते अजून हो म्हणालेले नाहीत.